वर नेलेलं खाली आणायचं : कळसूबाईला जाणाऱ्या गटांसाठी



नवरात्र जवळ आलं की आपल्या बऱ्याच गटांच्या बैठकीत एक विषय निघतोच, यंदा कळसूबाईला कधी जायचं? गाडी ठरते, वर्गणी ठरते, ओटीचं सामान कोण आणणार ते ठरतं. या अंकात त्या यादीत आणखी एक ओळ वाढवायची आहे. आपण वर जे नेणार आहोत, त्यातलं उरलेलं खाली कसं आणायचं, हेही बैठकीतच ठरवायचं. वर पोचल्यावर ते ठरत नाही. का, ते पुढे सांगते.

कळसूबाई हे महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर, 1646 मीटर. अकोले तालुक्यातल्या बारी गावातून चढायला सुरुवात होते. वाटेत कातळ आहे, लोखंडी शिड्या आहेत आणि माथ्यावर देवीचं छोटं देऊळ आहे. ही वाट दोघांची आहे. नवरात्रात ओटी भरायला येणाऱ्या बायकांची आणि वर्षभर शनिवार-रविवारी येणाऱ्या ट्रेकर मंडळींची. हा सगळा डोंगर अभयारण्यात येतो. माथ्यापर्यंत गाडी जात नाही, त्यामुळे वर पडलेली प्रत्येक बाटली कोणाच्या तरी पाठीवरूनच खाली येऊ शकते. दुसरा मार्ग नाही.

ओझं नव्हे, जागा नसते

"भरलेली बाटली वर नेता आली, मग रिकामी खाली का आणता येत नाही?" असं आपण सहज विचारतो. त्याचं उत्तर आळस एवढंच नाही. एक लिटर पाण्याची भरलेली बाटली साधारण किलोभर वजनाची. रिकामी झाली की ती वीस-पंचवीस ग्रॅमची, म्हणजे दोन-तीन चमचे साखरेएवढी. ओझं जवळजवळ गेलेलंच असतं. पण बाटली जागा मात्र तेवढीच अडवते. वेफरच्या पुड्याचंही तसंच. शिवाय रिकामा पुडा तेलकट असतो, केळीचं साल चिकट असतं, ताटली खरकटी असते. ते पिशवीतल्या साडीला, प्रसादाला लागेल म्हणून कोणी आत ठेवायला तयार होत नाही. मग हातात धरलं जातं. शिडी आली की दोन्ही हात लागतात. आणि हातातलं तिथेच, दगडाच्या आडोशाला राहतं.

म्हणून कचरा खाली आणायचा असेल तर दोन गोष्टींची सोय आधी करावी लागते. एक, रिकाम्या वस्तूंना ठरलेली जागा. दोन, ओलं-खरकटं बाहेर येणार नाही अशी पिशवी. पुढचे सगळे नियम या दोन गोष्टींसाठीच आहेत.

वीस जणींचा हिशोब

समजा, एका गटातल्या वीस जणी निघाल्या आणि नेहमीसारखी खरेदी केली. पाण्याच्या एक-एक लिटरच्या 40 बाटल्या. बिस्किटांचे 20 पुडे, वेफरचे 20 पुडे. जेवायला 20 ताटल्या आणि 20 वापरून फेकायचे ग्लास. ओटीचं सामान 20 कॅरीबॅगांत. हळद आणि कुंकवाच्या मिळून 40 छोट्या पुड्या आणि उदबत्तीची 5 पाकिटं. बेरीज करा. 185 नग होतात. सगळ्याचं रिकामं वजन मात्र दीड किलोच्या आसपास. पण नुसत्या 40 बाटल्या न चेपता भरल्या तरी धान्याचं एक पोतं बहुतेक भरून जातं. हे पोतं घेऊन शिडी कोण उतरणार? खरं तर कोणी पोतं आणलेलंच नसतं.

आता तीच यात्रा, तेच वीस जण, पण सामान घरीच उघडून भरलं तर काय होतं ते बघा.

पाणी घरच्या बाटलीतून, प्रत्येकीच्या दोन. त्या परत घरीच येणार, म्हणजे कचरा शून्य. बिस्किटांऐवजी लाडू किंवा दशम्या, डब्यात. बिस्किटंच हवी असतील तर पुडे घरी फोडून डब्यात भरायचे, रिकामे पुडे घरीच राहतात. भाकरी फडक्यात, चटणी छोट्या डबीत. ताटलीऐवजी डब्याचं झाकण. हळदकुंकवाच्या पुड्या नकोत, एकच करंडा वीस जणींना पुरतो. उदबत्त्या पाकिटातून काढून कागदात गुंडाळायच्या. खणाचं प्लॅस्टिकचं आवरण खालीच काढायचं. ओटीचं सामान प्रत्येकीच्या कापडी पिशवीत.

नारळाचा विचार वेगळा करावा लागतो. वीस नारळ म्हणजे सोलूनसुद्धा दहा किलोच्या आसपास ओझं, आणि फोडल्यावर वीस करवंट्यांचे चाळीस तुकडे. गटाचे मिळून पाच नारळ नेले तर चालतील का, हे बैठकीत विचारा. कोणाचा नवस असेल तर तिचा नारळ वेगळा, त्यात वाद नको. पण जेवढे नारळ जातील तेवढ्यांच्या करवंट्या खाली येतील. घरी चुलीला त्या उपयोगी पडतात.

मग उरतं काय? गोळ्यांची एक-दोन रिकामी पाकिटं, केळी-संत्र्यांची सालं, करवंट्या, उदबत्तीचा कागद आणि कोणीतरी वाटेत घेतलेला एखादा पुडा. 185 नगांचे वीस-पंचवीस झाले. एवढं दोन पिशव्यांत आरामात बसतं. म्हणजे कचरा खाली आणायचं निम्म्याहून जास्त काम घरच्या ओट्यावर, आदल्या रात्री होतं.

पत्रावळी आणि "कागदी" कप

थर्माकोलच्या आणि प्लॅस्टिकच्या ताटल्या, ग्लास, चमचे यांच्यावर राज्यात 2018 पासून आणि देशभर 1 जुलै 2022 पासून बंदी आहे. तरी बाजारात त्या दिसतात, म्हणून लक्ष ठेवा. चहाचे कप आणि चंदेरी ताटल्या दिसायला कागदी असतात, पण पाणी झिरपू नये म्हणून आतून प्लॅस्टिकचा पातळ थर दिलेला असतो. ताटलीचा तुकडा फाडून पाण्यात भिजवा. कागद विरघळून वर पातळ पापुद्रा उरला तर ते प्लॅस्टिक. अशी ताटली कुजत नाही, ती खाली आणायच्या पिशवीतच जाते.

पळसाची, काडीने टोचलेली पत्रावळ चांगली. पण तीही वर टाकायची नाही. सालं, पत्रावळी, खरकटं "आपोआप कुजतं" असं आपण म्हणतो ते शेतातल्या मातीवरून. तिथे माती खोल असते, ओल असते, गांडुळं असतात. माथ्यावर कातळ आहे, माती बोटभर, ऊन आणि वारा. तिथे संत्र्याचं साल कुजण्याआधी वाळतं आणि बरेच दिवस तसंच पडून राहतं. खरकट्यावर माकडं, कुत्री, उंदीर येतात आणि एकदा सवय लागली की माणसांच्या पिशव्या ओढायला लागतात. म्हणून ओला कचराही खाली आणायचा आणि घरच्या उकिरड्यात किंवा खतखड्ड्यात टाकायचा.

तीन पिशव्या

वीस जणींच्या गटाला तीन पिशव्या पुरतात. पहिली सुक्याची. खताची किंवा साखरेची रिकामी विणलेली गोणी धुऊन घ्या, तोंडाला नाडी लावा आणि दोन पट्टे शिवा, म्हणजे ती पाठीवर अडकवता येते. गटात शिलाई करणारी ताई असेलच. दुसरी ओल्याची. जाड प्लॅस्टिकची पिशवी आणि ती ठेवायला झाकणाचा डबा किंवा छोटी बादली. डबा असला की गळत नाही आणि वासही येत नाही. तिसरी पिशवी बंद कचऱ्याची, तिच्याबद्दल थोडं सविस्तर.

सॅनिटरी पॅड आणि लहान मुलांचे डायपर यांचं काय करायचं हे कोणी बोलत नाही, म्हणून ते दगडाखाली सापडतात. पॅडमध्ये प्लॅस्टिक असतं, ते पुरून कुजत नाही. प्रत्येकीला निघण्याआधी जुन्या वर्तमानपत्राचे चार तुकडे आणि एक काळी, आतलं न दिसणारी छोटी पिशवी द्या. लागो न लागो, सगळ्यांना द्या, म्हणजे कोणाला मागायला नको. वापरलेलं पॅड कागदात घट्ट गुंडाळून त्या पिशवीत, गाठ मारून, आपल्याच सामानात ठेवायचं. खाली आल्यावर त्या सगळ्या छोट्या पिशव्या तिसऱ्या पिशवीत जमा होतील. ती कोणीही उघडायची नाही. ओले वाइप्सही यातच, कारण त्यांच्यातही बहुतेक वेळा प्लॅस्टिकचे धागे असतात.

शौचाला शक्यतो पायथ्याशीच जाऊन या. वाटेत वेळ आलीच तर पाण्याच्या जागेपासून आणि वाटेपासून निदान 70-80 पावलं लांब जा, माती असेल तिथे वीतभर खोल खड्डा करा आणि नंतर बुजवा. एक छोटं खुरपं गटाच्या सामानात ठेवा. कातळावर खड्डा होत नाही, म्हणून तर पायथ्याशी जाऊन येणं बरं.

बाटली चेपायची कशी, पुडा फोडायचा कसा

या दोन बारीक सवयी आहेत, पण फरक मोठा पडतो. बाटली आधी पूर्ण रिकामी करा. झाकण काढा, बाटली आडवी धरून हाताने दाबा, बुडाकडून पिळत आणा आणि हवा निघाली की लगेच झाकण घट्ट लावा. झाकण लावलं नाही तर बाटली परत फुगते. अशी चेपलेली बाटली पाव भागाएवढी जागा घेते. आणि झाकण बाटलीलाच राहिल्यामुळे ते वेगळं हरवत नाही.

पुडा किंवा पिशवी फोडताना कोपरा पूर्ण तोडू नका. अर्धवट कापा, म्हणजे तुकडा पिशवीलाच लटकून राहतो. आपण बघितलं असेल, वाटेवर मोठे पुडे कमी आणि हे नखाएवढे तोडलेले कोपरे जास्त असतात. ते वेचता येत नाहीत, पहिल्या पावसात ते मातीत जातात. रिकाम्या पुड्याची उभी घडी घालून सैल गाठ मारा, वाऱ्याने उडणार नाही.

मोजून वर, मोजून खाली

बचतीचा हिशोब जसा वहीत असतो, तसा हाही ठेवायचा. बारीतून चढायच्या आधी दहा मिनिटं बसा. ज्या वस्तूंना आवरण आहे, तेवढ्याच मोजा. समजा 12 पुडे, 2 गोळ्यांची पाकिटं, 5 नारळ. सचिवाने वहीत लिहायचं. वाटेत कोणी काही विकत घेतलं तर तिने सचिवाला सांगायचं, आकडा वाढवायचा. उतरल्यावर गाडीत बसायच्या आधी पुन्हा मोजायचं. आकडा कमी भरला तर नेमकं कुठे खाल्लं, कुठे बसलो, ते लगेच आठवतं. पुढच्या वेळी त्या जागी निघण्याआधी मागे वळून बघायचं ठरवा. आकडा जास्त भरला तर उत्तम, म्हणजे कोणीतरी दुसऱ्याचंही उचललं.

उतरताना दोघींनी सगळ्यांत शेवटी राहायचं. त्यांचं काम एकच, जिथे गट बसला होता ती जागा बघायची. गोणी त्यांच्याकडे नको, त्यांचे हात मोकळे हवेत. गोणी मधल्या कोणाकडे तरी, आणि ती दर थांब्याला बदलायची.

शिडीवर

शिडीवर हातात काही धरायचं नाही. गोणी पाठीवर, दोन्ही पट्टे खांद्यात. "खाली टाकते, तू झेल" हे अजिबात नाही, खाली माणसं असतात. गोणीचं वजन पाच किलोच्या वर नेऊ नका. तेवढ्यात पाठीवर नीट बसत नसेल तर दोन गोण्या करा. गर्दीच्या दिवशी शिडीवर रांग लागते आणि फुगलेली गोणी कठड्याला अडकते, म्हणून शिडीच्या आधी थांबून गोणी पुन्हा दाबून बांधा.

दुसऱ्यांचा कचरा उचलायचा असेल तर

काही ग्रामसंघ यात्रेनंतर सफाईचा दिवस ठरवतात. चांगलं आहे, पण सुरुवात गाडीपासून करा. भरलेल्या गोण्या कुठे उतरवायच्या, कोण घेणार, हे ग्रामपंचायतीशी बोलून आधी ठरवा. नाहीतर होतं काय, उत्साहाने वीस गोण्या भरतात, पायथ्याशी ओळीने ठेवतात, फोटो निघतो, आणि आठवड्यात कुत्री-गुरं त्या फाडतात. कचरा डोंगरावरून गावात आला, एवढंच होतं. माथ्यावर ठेवलेल्या कचराकुंडीचंही असंच. ती भरते, रोज रिकामी करणारं कोणी नसतं, आणि वारा सगळं दरीत नेतो.

चढताना काही उचलू नका, नुसतं बघत जा आणि कुठे किती आहे ते ठरवा. उचलायचं उतरताना. हातात जाड मोजे हवेत. दगडाखाली, कपारीत हात घालायचा नाही, विंचू-साप असतात. लांब काठीने किंवा चिमट्याने ओढून घ्यायचं. काच गोणीत टाकू नका, ती गोणी फाडून पाठीला लागते. काचेसाठी पत्र्याचा डबा वेगळा ठेवा. झाकण लावलेल्या बाटलीत पिवळं पाणी दिसलं तर ते लघवी असू शकतं. तोंड लांब ठेवून वाटेच्या बाजूला ओता, पण पाण्याच्या जागेजवळ नाही. पावसानंतर गेलात तर बाटल्यांत पाणी आणि चिखल भरलेला असतो. तो न ओतता भरलं तर गोणी दुप्पट जड होते.

कड्याखाली, दरीत पडलेलं दिसलं तरी सोडून द्या. ते दोर लावून उतरणाऱ्या, त्याचं शिक्षण घेतलेल्या लोकांचं काम आहे. एका बाटलीसाठी कोणाचा पाय घसरायला नको.

आणि जाळायचं नाही, पुरायचंही नाही. जाळलेलं प्लॅस्टिक वितळून दगडाला चिकटतं, धूर विषारी असतो आणि सुक्या गवताला आग लागते. पुरलेलं पुढच्या पावसात उघडं पडतं.

खाली आल्यावर कुठे?

बारी गावाच्या उकिरड्यावर टाकून निघून यायचं नाही. त्या गावाने किती जणांचा कचरा सांभाळायचा? गाडीत आपल्याबरोबर आणा. घरी आल्यावर तीन वाटा. स्वच्छ बाटल्या भंगारवाला घेतो. आतून चकचकीत असलेले वेफर-बिस्किटांचे पुडे तो घेत नाही, कारण त्यात प्लॅस्टिक आणि धातूचे थर एकमेकांना चिकटलेले असतात. ते ग्रामपंचायतीच्या सुक्या कचऱ्यात द्यायचे. स्वच्छ भारत मिशनच्या दुसऱ्या टप्प्यात तालुका पातळीवर प्लॅस्टिक कचऱ्याची केंद्रं करायची आहेत. आपल्या तालुक्यात ते चालू आहे का, हे पंचायत समितीत विचारा आणि ग्रामसंघाच्या बैठकीत नोंदवा. पुडे कोरडे असले पाहिजेत. ओले-खरकटे पुडे तिथेही परत करतात, म्हणून ओलं-सुकं डोंगरावरच वेगळं ठेवायचं. तिसरी, बंद पिशवी ग्रामपंचायतीच्या घंटागाडीत वेगळी, सांगून द्यायची.

ज्या ताई वाटेवर टपरी चालवतात

यात्रेच्या वाटेवर ताक, सरबत, काकडी विकणाऱ्या ताईही आपल्याच गटांतल्या असतात. त्यांना "स्टीलचे ग्लास वापरा" सांगणं सोपं आहे, पण ग्लास धुवायचं पाणीसुद्धा डोक्यावरूनच वर न्यावं लागतं. त्यापेक्षा गिऱ्हाइकाच्या स्वतःच्या बाटलीत ताक ओतून द्यायचं आणि दोन रुपये कमी घ्यायचे, हे जमू शकतं. पाटी लावली की लोक बाटली पुढे करतात.

बंद बाटली विकायचीच असेल तर अनामत ठेवता येते. केदारनाथच्या यात्रेत 2022 मध्ये बाटलीवर 10 रुपये जास्त घेऊन रिकामी बाटली परत दिल्यावर ते परत करायची पद्धत सुरू झाली. आपल्या वाटेवर हे करायचं तर एक अट आहे. वर घेतलेली बाटली खालच्या टपरीवरही परत घेतली गेली पाहिजे, कारण माणूस पाणी पिऊन पुढे जातो. म्हणून वाटेवरच्या सगळ्या टपऱ्यांनी मिळून एकच खूण ठरवायची, उदाहरणार्थ झाकणावर रंगाचा ठिपका, आणि दिवसअखेर आपापसात पैशांचा हिशोब करायचा. एकटीने केलं तर एकीकडे पैसे अडकतात आणि दुसरीकडे बाटल्या. रोज सकाळी भरलेली पाटी वर जाते, संध्याकाळी ती रिकामी खाली येते. चेपलेल्या बाटल्या त्याच पाटीत बसतात.

वहीत चिकटवायचे नियम

1. आवरणं घरीच काढायची. डबा, फडकं, करंडा, घरची बाटली.
2. गटाबरोबर तीन पिशव्या : सुकी, ओली, बंद.
3. प्रत्येकीला कागद आणि काळी पिशवी, न मागता.
4. चढण्याआधी मोजायचं, गाडीत बसण्याआधी पुन्हा मोजायचं. वहीत लिहायचं.
5. बाटली चेपून झाकण लावायचं. पुड्याचा कोपरा तोडायचा नाही.
6. शिडीवर हात मोकळे, गोणी पाठीवर, पाच किलोच्या आत.
7. शेवटच्या दोघी बसलेली जागा बघूनच उठतील.
8. जाळायचं नाही, पुरायचं नाही, पायथ्याशी सोडायचं नाही.

पुढच्या मासिक बैठकीत या आठ ओळी वाचा, तुमच्या वाटेप्रमाणे बदल करा आणि ठराव म्हणून लिहा. गोणीला पट्टे शिवायचं आणि खुरपं, डबा आणायचं काम कोणाकडे ते नावानिशी लिहा. यात्रेनंतर वर जाताना किती आणि येताना किती, हे दोन आकडे ग्रामसंघाच्या बैठकीत सांगा. ज्या गटांचे आकडे येतील त्यांचा तक्ता करून पुढच्या अंकात छापू.